ऑक्टोबरच्या उन्हात स्वेटर

सकाळी साडेसहा

आज नळाला पाणी आहे. संभाजीनगरातल्या आमच्या पुंडलिकनगरात पाण्याचा दिवस असला की गल्लीचा सगळा कारभार टाकीभोवती फिरतो. मोटारी सुरू होतात, पाइप गच्चीवर चढतात, कुणाची टाकी भरून वाहते आणि त्यावरून दोन शब्द होतात. अशा सकाळी मी दुकानाचं स्टेटस टाकत नाही. साडेआठपर्यंत फोन कुणाच्या हातात नसतो, आणि नंतर लोक स्टेटस उघडतात तोवर माझं त्यांच्या यादीत खाली गेलेलं असतं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. वर्षभर गाऊन, टॉवेल, चादरी. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत स्वेटर आणि शाली. आज शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५. लक्ष्मीपूजन २१ तारखेला, भाऊबीज २३ला. दुपारी पंखा पाचवर ठेवूनही घाम निघतो आणि माझ्या खोलीत लोकरीचे गठ्ठे छताला टेकलेत.

या दिवसांत "थंडी आली, स्वेटर घ्या" असं लिहिणारे दुकानदार मला दरवर्षी दिसतात. कुठे आलीय थंडी? घामाने सदरा अंगाला चिकटलेल्या माणसाला स्वत:साठी स्वेटर घ्यावासा वाटत नाही. तो घेईल डिसेंबरात, पहाटे दुधाची पिशवी आणायला जाताना हात गारठले की. ऑक्टोबरात स्वेटर घेतो तो दुसऱ्यासाठी. बहिणीला ओवाळणी, सासूबाईंना पाडव्याची शाल, गावाकडच्या आजोबांना काहीतरी उबदार. त्याच्या डोक्यात हवा नसते, नातं असतं आणि तारीख असते. म्हणून दिवाळीपर्यंतच्या माझ्या पोस्टमध्ये थंडी हा शब्दच येत नाही.

सव्वाआठ

फोटोची वेळ. खोलीचं दार पूर्वेला आहे. ऊन उंबऱ्यावर येतं पण आत शिरत नाही, तेवढा पाऊण तास माझा. थेट उन्हात लोकरीचा रंग फिका येतो आणि ट्यूबलाइटखाली नेव्ही ब्लू काळा दिसतो, मरून चॉकलेटी दिसतो. भेट घेणारा बऱ्याचदा परगावी असतो, माल हातात न घेताच पैसे पाठवतो. त्याने मरून म्हणून पाठवलेली शाल आईच्या हातात चॉकलेटी निघाली, तर शाल परत येते आणि गिऱ्हाईक परत येत नाही.

मी पांढरा कोरा कागद शालीच्या कोपऱ्याशी ठेवते. फोटोत कागद पिवळट किंवा निळसर दिसला की समजायचं, शालीचा रंगही फसवतोय. मग जागा बदलायची. प्रत्येक वस्तूचे चारच फोटो काढते. एक पूर्ण उलगडलेला, एक विणीचा जवळून, त्यावर टेप ठेवून. एक आतल्या लेबलचा आणि एक अंगावर घातलेला. अंगावर घालायला समोरच्या गल्लीतले एक आजोबा येतात. गोरीपान मॉडेल मुलगी कंपनीच्या कॅटलॉगमध्ये शोभते, पण आजोबांसाठी स्वेटर शोधणाऱ्या नातवाला तिच्याकडे बघून काय कळणार? आजोबांच्या अंगावर बटणं नीट बसतात का, बाही मनगटापर्यंत येते का, खिशात चष्म्याचं घर मावतं का, हे त्याला दिसतं. आजोबा पैसे घेत नाहीत, चहा घेतात आणि मागच्या वर्षीचा स्वेटर जास्त चांगला होता असं सांगून जातात.

साडेनऊ

पोस्ट लिहायला बसले. लोकांना वाटतं फोटो टाकला की झालं. पण मजकुराला फोटोपेक्षा जास्त वेळ लागतो, कारण भेट घेणाऱ्याला जे प्रश्न पडतात ते आधीच ओळखावे लागतात. आजची पोस्ट अशी:

"बाबांसाठी पुढून उघडणारा स्वेटर. डोक्यावरून घालायचा नाही, खांदा दुखत असला तरी चालतो. दोन खिसे. धागा ॲक्रिलिक, टोचत नाही, घरी धुता येतो. छाती ४० ते ४६, बाबांच्या सदऱ्याचं माप पाठवा, साइज मी सांगते. बाहेरगावी भाऊबीजेच्या आत पोहोचायला हवा असेल तर वसुबारसेपर्यंत सांगा. शहरात पाडव्यापर्यंत. माप चुकलं तर ५ नोव्हेंबरपर्यंत बदलून."

यात "उबदार प्रेमाची भेट" वगैरे काही नाही. तसलं मीही पूर्वी वाचायचे आणि पुढे सरकायचे. वसुबारस लिहिण्यामागे हिशेब आहे. वसुबारस १७ तारखेला आहे आणि पुण्या-नाशिकला पार्सल एरवी दोन-तीन दिवसांत जातं, पण दिवाळीच्या आठवड्यात कुरिअरवाल्यांकडे डोंगर साचतो. १७ नंतर घेतलेल्या बाहेरगावच्या ऑर्डरला मी भाऊबीजेचा शब्द देत नाही. तारखेऐवजी सणाचं नाव लिहिलं की लोकांच्या लक्षात राहतं. "१७ तारीख" विसरतात, वसुबारस घरात कुणीतरी आठवण करून देतंच.

बदलून देण्याची तारीख दिवाळीनंतरची का? बाबांच्या हातात स्वेटर पडतो भाऊबीजेला. "खरेदीपासून सात दिवसांत बदला" हा नेहमीचा नियम भेटीला लावला तर पाकीट उघडण्याआधीच मुदत संपते. ही साधी गोष्ट मोठ्या दुकानांच्या बिलावरही सापडत नाही.

अकरा

स्टेटस टाकलं. आता पाणी भरून झालंय, भांडी झालीत, बायका जरा टेकल्यात. स्टेटस चोवीस तासच टिकतं, म्हणून महत्त्वाची पोस्ट ब्रॉडकास्टवरही पाठवते. तिथे दोन अडचणी. एका यादीत २५६ च माणसं बसतात, आणि ज्याने माझा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही त्याला तो संदेश जातच नाही. आपल्याला मात्र वाटत राहतं, सगळ्यांना गेला. म्हणून बिल देताना मी आधी नंबर सेव्ह करायला लावते, समोरच.

आणखी एक पथ्य. पॅक केलेल्या पार्सलचे, नावाच्या चिठ्ठीसकट फोटो टाकायची हल्ली पद्धत आहे, "आज इतक्या ऑर्डर निघाल्या" म्हणून. भेटीच्या धंद्यात हे करायचं नाही. घेणारा भाऊ माझ्या यादीत असतो तशी बहीणही असते. ओवाळणीत काय मिळणार हे तिला माझ्या स्टेटसवर कळलं, तर भाऊ मला काय म्हणेल?

सव्वाबारा

पुण्याहून एका मुलाचा फोन. आई-वडील इथेच, जयभवानीनगरला. "मावशी, तो ग्रे स्वेटर बाबांसाठी. ४२ द्या, बाबा माझ्याएवढेच आहेत."

बाबा कधीच मुलाएवढे नसतात. मुलाच्या मनात आहेत ते दहा वर्षांपूर्वीचे बाबा. आता पोट सुटलेलं असतं किंवा अंग आटलेलं असतं. मी त्याला म्हटलं, आईला फोन कर आणि बाबांचा रोजचा सदरा मोजायला सांग, पण बाबांना कळू देऊ नको. सदरा पलंगावर सपाट पसरायचा, बटणं लावायची, एका काखेच्या शिवणीपासून दुसरीपर्यंत टेप धरायचा. अर्ध्या तासात माप आलं: साडेएकवीस इंच. म्हणजे सदऱ्याचा घेर त्रेचाळीस.

आता इकडची बाजू. लेबलवरचा आकडा एक गोष्ट आणि प्रत्यक्ष कापड दुसरी. लुधियानाच्या एका कारखान्याचा ४२ दुसऱ्याच्या ४० एवढा निघतो. म्हणून नवा माल आला की मी प्रत्येक साइजचा एक नग तसाच पसरून मोजते आणि वहीत लिहून ठेवते. या ग्रे स्वेटरचा ४२ नंबर सपाट साडेवीस इंच भरतो, घेर एक्केचाळीस. वीण ताणते, त्यामुळे तो त्रेचाळीसच्या सदऱ्यावर चढेल हे खरं. पुढून बंद स्वेटर असता तर मी दिलाही असता. पण हा पुढून बटणांचा आहे. ताण पडला की दोन बटणांमधली पट्टी फाकते, आतला सदरा दिसतो, आणि चार दिवसांत बाबा बटणं लावायचंच सोडून देतात. ४४ नंबर सपाट बावीस भरतो, घेर चव्वेचाळीस. सदऱ्यापेक्षा एक इंच जास्त. हाच बरोबर. स्वेटर सदऱ्यावरून घालायचा असतो, त्याला निदान सदऱ्याएवढा तरी घेर हवा, जाड वीण असेल तर इंचभर जास्त.

मुलाला पटलं. मग पैशांवर गाडी आली. "मावशी, जीएसटी कमी झाला ना? लेबलवर तर १,३४४ च आहे."

प्रश्न रास्त होता. २२ सप्टेंबरपासून अडीच हजारापर्यंतच्या कपड्यांवर पाच टक्के कर आहे. त्याआधी हजाराच्या वरच्या कपड्याला बारा टक्के होता. हा माल ऑगस्टमध्ये भरलेला, लेबल जुनं. मूळ किंमत १,२००, त्यावर बारा टक्के १४४, म्हणून १,३४४. आता पाच टक्क्यांनी ६० रुपये, म्हणजे १,२६०. चौऱ्याऐंशी रुपये त्याचे, ते मी कमी केले आणि बिलावर तसं लिहिलं. हजाराच्या आतल्या स्वेटरवर आधीही पाचच टक्के होता, तिथे काही कमी होत नाही. ते समजावताना मात्र दिवसातून दहा वेळा घसा कोरडा पडतो.

दोन

जेवण. 

तीन

दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा नवीन गठ्ठा सोडला. घाऊकवाल्याने दोन प्रकारच्या शाली पाठवल्यात. एकीवर लिहिलंय "प्युअर वूल", दुसरीवर सोनेरी अक्षरांत "पश्मिना". दोन्ही भेट म्हणून जोरात खपणारे शब्द. पोस्टमध्ये ते लिहायचे की नाही हे मी ठरवते ते काडेपेटीने.

शालीच्या झालरीतून उभे आणि झालरीलगतच्या काठातून आडवे असे दोन-तीन धागे काढायचे, दोन्ही वेगळे, कारण भेसळ बहुतेक एकाच बाजूला असते. स्टीलची ताटली, पक्कड, खिडकी उघडी. धागा ज्योतीजवळ नेला. "प्युअर वूल"चा आडवा धागा ज्योतीपासून आक्रसला, मंद जळला, बाहेर काढताच विझला. केस जळल्याचा वास. राख बोटात चुरली, भुगा झाला. ही लोकर. उभा धागा मात्र भसकन पेटला, वितळला, काळा धूर आला आणि टोकाला खड्यासारखा कडक मणी राहिला. तो नखाने फुटेना. ते ॲक्रिलिक. म्हणजे शाल मिश्र आहे. किती टक्के लोकर आणि किती ॲक्रिलिक, हे काडेपेटी सांगत नाही, त्याला प्रयोगशाळा लागते. म्हणून पोस्टमध्ये जाईल ते एवढंच: "लोकर आणि ॲक्रिलिक मिश्र". प्युअर हा शब्द गेला.

"पश्मिना"चा धागा कागदासारखा जळला, वासही कागदाचाच, राख मऊ करडी. व्हिस्कोस. लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा, बकरीचा संबंध नाही. खरी पश्मिना लडाखच्या चांगथांग भागातल्या बकरीच्या अंगावरची आतली मऊ लोकर. तो तंतू माणसाच्या केसाच्या पाव-पंचमांश जाडीचा असतो, हाताने कातावा लागतो, हातमागावर विणला जातो. काश्मीर पश्मिनाला २००८ पासून भौगोलिक मानांकन आहे. मला साडेतीनशेला मिळालेल्या शालीत ती असणं शक्यच नाही. "पण ताई, अंगठीतून जाते बघा," असं घाऊकवाला सांगतो. बारीक व्हिस्कोसही अंगठीतून जातं, माझी साधी ओढणीसुद्धा जाते. त्या परीक्षेने शाल पातळ आहे एवढंच कळतं.

शाल वाईट नाही हो. रंग सुरेख, अंगावरून छान सुळसुळते, लग्नाच्या हॉलमध्ये साडीवर घ्यायला उत्तम. मी लिहिलं: "व्हिस्कोसची मऊ शाल, समारंभासाठी. उबेसाठी घेऊ नका." शेजारची वहिनी पोस्ट वाचून म्हणाली, "अगं, स्वत:च्याच मालाची बदनामी काय करतेस?" पण सासूबाईंना पश्मिना म्हणून दिलेली शाल नणंदेने ओळखली, तर त्या घरात कुणाची मान खाली जाईल? घेणाऱ्याची. आणि ती सून पुन्हा माझ्या पायरीवर येणार नाही.

शालींचं बोलणं आलं की हिमरूचा विषय निघतोच. बाहेरगावचे विचारतात, "संभाजीनगरची खास शाल कोणती?" हिमरू आमच्या शहराची जुनी वीण, सूत आणि रेशीम मिळून. पाहुण्याला द्यायला, सत्काराला शोभेल अशी. पण तिच्यात लोकर नाही, त्यामुळे ऊब बेताची. मी ठेवत नाही; विणकरांच्या दुकानात जा आणि शालीची मागची बाजू उलटून बघा, असं सांगते. हातमागाची शाल आणि तिची यंत्रमागावरची नक्कल फोटोत सारखीच दिसतात.

साडेपाच

वाळूजच्या कंपन्यांच्या बस गजानन महाराज मंदिराच्या बाजूने येऊन माणसं सोडायला लागल्या की खोलीत गर्दी होते. यंदा ती कमी आहे. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत मराठवाड्यातली उभी पिकं गेली, आणि आमच्या वस्तीतल्या बहुतेकांचं अर्धं घर अजून गावी आहे. बोनस आला तरी तो आधी गावाकडे जातो. एक भाऊ आले, तिघी बहिणींना शाली हव्यात, खिशात पंधराशे. मागच्या वर्षी त्यांनी सातशेच्या घेतल्या होत्या.

पंधराशेत तीन मोठ्या शाली बसत नव्हत्या. मोठी शाल साधारण चाळीस इंच रुंद, ऐंशी इंच लांब असते. स्टोल तेवढाच लांब, पण रुंदी अठ्ठावीस. फोटोत दोन्ही सारखे दिसतात, म्हणून मी पोस्टमध्ये रुंदी लिहितेच. स्टोल साडेतीनशेला होता. मी विचारलं, बहिणी काय करतात? दोघी शेतात जातात, तिसरी अंगणवाडीत. शेतात जाणारीला शाल सांभाळत काम करता येत नाही. तिला हवा बिनबाह्यांचा स्वेटर, साडीवर घालता येईल असा, चारशे वीसचा. दोन स्वेटर, एक स्टोल: अकराशे नव्वद. उरलेल्यात भाच्यासाठी कानटोपी घेतली. भाऊ म्हणाले, "हे स्टेटसवर का नाही टाकत तुम्ही?" खरंच टाकलं नव्हतं. शेतात जाणाऱ्या बहिणीसाठीची पोस्ट उद्यासाठी वहीत लिहिली.

आठ

जयभवानीनगरचं पार्सल घेऊन आमचा मुलगा सायकलवर गेला. आईच्या हातात द्यायचं, बाबांच्या नाही, आणि बिल पाकिटात न ठेवता आईकडे वेगळं. किमतीचं लेबल मी काढत नाही, त्यावरच धागा आणि धुण्याची पद्धत छापलेली असते. किमतीवर फक्त कागदाची पट्टी चिकटवते. वर माझ्या अक्षरात चिठ्ठी: "थंड पाण्यात, पिळू नका, दोरीवर टांगू नका, पसरून वाळवा." ओला स्वेटर दोरीवर टांगला की स्वत:च्या वजनाने लांबतो आणि बाबांचा स्वेटर मांडीपर्यंत येतो. आठवड्याला एकदा पाणी येणाऱ्या शहरात आणखी एक ओळ लिहावी लागते: "दर वापराला धुवायची गरज नाही, झटकून सावलीत अंथरलेल्या चादरीवर पसरा." ती वाचून लोक हसतात, पण पाळतात.

साडेनऊ

शेवटचं स्टेटस. रात्री जेवणं झाल्यावर बायका फोन घेऊन बसतात तेव्हा सर्वांत जास्त विचारणा येते, आणि ती बहुतेक एकाच शब्दाची असते: "प्राइस?" किंमत पोस्टवर लिहिलेली असली तरी. मी किंमत लपवत नाही. "इनबॉक्समध्ये विचारा" लिहिणाऱ्या दुकानाकडे मी स्वत: कधी गेले नाही. "५० टक्के सूट"ही लिहीत नाही. आधी दुप्पट लावून मग निम्मी करण्याने भेट स्वस्त होत नाही.

दिवाळी संपली की या सगळ्या पोस्ट बदलतील. तुळशीचं लग्न झालं की आहेराच्या शाली, डिसेंबरात सेवानिवृत्तीच्या सत्काराच्या, बारशाच्या टोप्या-मोज्यांच्या. तोवर तिबेटी विक्रेतेही लुधियानाचा माल घेऊन शहरात बसलेले असतील. जॅकेटच्या बाबतीत त्यांच्याशी बरोबरी करण्याच्या फंदात मी पडत नाही. तेव्हा थंडी हा शब्द लिहायला हरकत नसेल, कारण चिकलठाण्याच्या वेधशाळेचा पारा रोज पेपरात येत असेल आणि लोक स्वत:साठी घ्यायला लागतील.

तुम्ही यंदा कुणाला स्वेटर देणार असाल तर एवढं करा. त्यांचा रोजचा सदरा काखेपासून काखेपर्यंत मोजा, दुकानदाराला धागा कोणता ते लेबलवर दाखवायला सांगा, आणि बदलून देण्याची मुदत भाऊबीजेच्या नंतरची आहे असं बिलावर लिहून घ्या.